बायबलमध्ये ६६ पुस्तकं की ७३? एखादं पुस्तक आत कसं आलं किंवा बाहेर कसं राहिलं हे तपासायची पद्धत

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये सात पुस्तकांचा फरक आहे हे बहुतेकांना माहीत असतं, घोळ होतो तो त्याच्या कारणात. एक जण ठामपणे सांगतो की सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथर याने सात पुस्तकं काढून टाकली, दुसरा तेवढ्याच ठामपणे म्हणतो की कॅथलिकांनी ती ट्रेंटमध्ये, म्हणजे ल्यूथरला उत्तर द्यायला भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या कौन्सिलमध्ये, घुसवली, आणि तिसरा कुणीतरी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाच्या कौन्सिलमध्ये पुस्तकं ठरवून घेतली अशी पोस्ट फॉरवर्ड करतो. तिघंही चुकतात, आणि तिघांची चूक होते ती एकाच सवयीमुळे, म्हणजे पुस्तक एकतर आत असतं नाहीतर बाहेर असं धरून चालायचं. पहिल्या कित्येक शतकांत मधला एक कप्पा होता. त्याचं पुढे काय झालं हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

म्हणून खाली जी पद्धत दिलीय ती एका वेळी एक पुस्तक घेऊन करायची आहे. मी उदाहरणाला तोबीत घेतलंय, कारण ते कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही, आणि त्याच्याबद्दल जवळपास प्रत्येक टप्प्यावर कुणी ना कुणी काहीतरी बोलून ठेवलंय.

## तयारी

दोन बायबलं समोर ठेवा, एक कॅथलिक आणि एक बायबल सोसायटीची नेहमीची मराठी प्रत. नुसती अनुक्रमणिका बघून थांबू नका, दानीएल उघडा. प्रोटेस्टंट प्रतीत दानीएल १२ अध्यायांवर संपतो, कॅथलिक प्रतीत १४ अध्याय असतात, तेराव्यात सुसान्नाची गोष्ट आणि चौदाव्यात बेल आणि अजगराची. तिसऱ्या अध्यायातही तेविसाव्या ओवीनंतर भट्टीत टाकलेल्या तिघांची लांबलचक प्रार्थना आणि गीत असतं. एस्तेरमध्येही असाच जादा मजकूर सापडेल.

हे आधी का करायचं, तर सगळे जण "सात पुस्तकं" म्हणतात आणि हे तुकडे विसरतात. फरक असा आहे: तोबीत, जुडिथ, पहिलं आणि दुसरं मक्काबी, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख ही सात, शिवाय दानीएल आणि एस्तेरमधला जादा मजकूर. नावांची स्पेलिंगं मराठीत प्रतीप्रतीत वेगळी सापडतात, त्यावर अडू नका.

मग एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात "सिद्धांताला आधार म्हणून चालतं", दुसऱ्यात "वाचायला चांगलं, पण सिद्धांताला आधार नाही", तिसऱ्यात "नकोच". पुढे जी जी जुनी यादी येईल त्यात आपलं पुस्तक कुठल्या रकान्यात पडतं ते साल टाकून लिहायचं.

सावध: यादी करणाऱ्याने दुसरा रकाना ठेवलाच नसेल तर तुम्ही स्वतःच्या मनाने त्याच्या पुस्तकांना तिथे ढकलू नका. काहींच्या यादीत दोनच रकाने होते आणि नेमकं त्याच्यावरूनच पुढचं भांडण आहे.

## टप्पा १: नवा करार आधी बाजूला काढा

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांचा नवा करार तोच, २७ पुस्तकांचा. भांडण जुन्या कराराचं आहे. तरी सुरुवात नव्या करारापासून करायची, कारण यादी कशी बनते हे तिथे स्वच्छ दिसतं आणि कुणाच्या भावनाही मध्ये येत नाहीत.

साधारण इ.स. १४४ च्या सुमारास रोममध्ये मार्शियन नावाच्या माणसाने स्वतःची यादी काढली: लूकचं शुभवर्तमान, तेही कापलेलं, आणि पौलाची दहा पत्रं, बस. जुना करार पूर्ण बाद. चर्चने त्याला बाहेर काढलं, पण आता मग आपली यादी कुठली हा प्रश्न टाळता येईना. साधारण १८० पर्यंत लियॉंचा बिशप आयरेनियस चारच शुभवर्तमानं, ना कमी ना जास्त, असं ठासून लिहिताना दिसतो. म्हणजे गाभा लवकर ठरला: चार शुभवर्तमानं, प्रेषितांची कृत्ये, पौलाची पत्रं. दोनेकशे वर्षं जे लोंबकळत राहिलं ते कडेचं होतं, म्हणजे इब्री लोकांस पत्र, याकोब, दुसरं पेत्र, दुसरं आणि तिसरं योहान, यहूदा आणि प्रकटीकरण.

प्रत्यक्षात निर्णय कसा व्हायचा त्याचा एक चांगला नमुना सेरापियनचा आहे. हा साधारण इ.स. २०० च्या आसपास अंत्युखियाचा बिशप होता. त्याच्या हाताखालच्या ऱ्होसस गावातल्या मंडळीत पेत्राच्या नावाचं एक शुभवर्तमान वाचलं जायचं आणि त्यावरून कुरबुर चाललेली. सेरापियनने ते स्वतः न वाचताच सांगून टाकलं की एवढ्यावरूनच वाद असेल तर वाचू द्या. नंतर त्याच्या कानावर आलं की यामागे वेगळ्या शिकवणीचे लोक आहेत, येशूला खरं शरीरच नव्हतं असं मानणारे, तेव्हा त्याने प्रत मिळवली, पूर्ण वाचली, आणि मंडळीला पत्र लिहिलं की यातलं बरंचसं बरोबर आहे पण काही गोष्टी वरून जोडलेल्या आहेत. परवानगी गेली. बघा, इथे कौन्सिल नाही, मतदान नाही. एका गावात काय वाचलं जातंय, ते प्रेषितांपासून आपल्यापर्यंत आलंय का आणि शिकवणीशी जुळतंय का, एवढंच बघितलं गेलं.

साधारण ३२५ च्या आगेमागे चर्चचा इतिहास लिहिणारा बिशप युसेबियस याने या सगळ्याचे ढीग केले: सगळ्यांनी मान्य केलेली, वादातली, खोटी, आणि त्यापलीकडे पाखंडी लोकांची. याकोब, यहूदा, दुसरं पेत्र, दुसरं-तिसरं योहान त्याने वादातल्यांत टाकली. प्रकटीकरणाचं त्याला काही ठरवता आलं नाही, त्याने ते मान्य ढिगातही टाकलं आणि खोट्या ढिगातही, दोन्हीकडे "वाटलं तर" असं म्हणून. मग ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस आपल्या ईस्टरच्या पत्रात २७ पुस्तकं लिहितो, आज आहेत तीच, एक कमी नाही एक जास्त नाही. उत्तर आफ्रिकेत हिप्पोला ३९३ मध्ये आणि कार्थेजला ३९७ मध्ये बिशपांच्या बैठकींनी हाच आकडा धरला. कार्थेजच्या यादीत एक मजा आहे, तिथे "पौलाची तेरा पत्रं, आणि त्याचंच इब्री लोकांस एक" असं लिहिलंय, सरळ चौदा नाही म्हटलेलं. वाद मिटला तरी त्याचा सांधा दिसतोच.

सावध, नायसिया: ३२५ च्या नायसियाच्या कौन्सिलने २० नियम केले आणि त्यांत बायबलच्या पुस्तकांची यादी नाही. पुस्तकं वेदीजवळ ठेवली, प्रार्थना केली आणि खरी तेवढी वर राहिली, खोटी खाली गेली, ही गोष्ट शेकडो वर्षांनंतरच्या एका ग्रीक ग्रंथातून आलीय. कॉन्स्टंटाइनने युसेबियसकडून कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चेससाठी ५० प्रती मागवल्या हे खरं, पण ती प्रतींची ऑर्डर होती, पुस्तकं ठरवायचा हुकूम नव्हता.

चेक: तुमच्या कागदावर नव्या कराराच्या यादीपुढे एकच व्यक्ती किंवा एकच तारीख लिहिलेली असेल तर टप्पा परत करा. (आणि केरळच्या सिरियन परंपरेतला कुणी वाचक असेल तर त्याला माहीत असेलच की जुन्या सिरियाक बायबलमध्ये नव्या कराराची २२ च पुस्तकं होती, म्हणजे ३६७ नंतरही सगळीकडे एकदम २७ झाली नाहीत.)

## टप्पा २: पुस्तक हिब्रू यादीत आहे का ते बघा

आता जुना करार. पहिला प्रश्न एकच: हे पुस्तक ज्यूंच्या हिब्रू बायबलमध्ये आहे का? आकड्यांनी गोंधळू नका. ज्यू २४ पुस्तकं मोजतात, पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस २२ म्हणतो, प्रोटेस्टंट ३९ म्हणतात. २४ आणि ३९ मध्ये मजकूर तोच आहे, मोजणी वेगळी, कारण ज्यू बारा लहान संदेष्ट्यांचं एकच पुस्तक धरतात, शमुवेल, राजे, इतिहास ही दोन-दोन नाही तर एकेक मोजतात आणि एज्रा-नहेम्याही एकच.

तोबीत हिब्रू यादीत नाही. दुसरा प्रश्न मग: ते कुठल्या भाषेत आणि कुणाच्या हातात फिरत होतं? बरेच जण इथे झटकन लिहितात की ही पुस्तकं ग्रीकमध्येच लिहिली गेली म्हणून ज्यूंनी टाकली. ज्ञानग्रंथ आणि दुसरं मक्काबी यांच्याबाबत ग्रीक हे बरोबर आहे, तोबीतबाबत नाही. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत तोबीतच्या पाच हस्तलिखितांचे तुकडे मिळाले, चार अरामी आणि एक हिब्रू. सिराखचा हिब्रू मजकूरही सापडलाय, कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या कोठारात, मसाडाच्या किल्ल्यावर आणि कुमरानमध्येही. तेव्हा भाषेवरून निकाल लावू नका.

ख्रिस्ती लोकांच्या हातात मात्र ही पुस्तकं ग्रीकमधूनच आली, कारण पहिल्या मंडळ्यांचं बायबल म्हणजे ग्रीक भाषांतर, सेप्टुआजिंट. ग्रीक बोलणाऱ्या मंडळीला यशया आणि तोबीत दोन्ही एकाच भाषेत, एकाच प्रकारच्या हस्तलिखितांत मिळत होते, त्यांना यात सीमारेषा दिसायचं काही कारण नव्हतं.

सावध, दोन तयार उत्तरं: "इ.स. ९० च्या सुमारास जामनियाला ज्यू रब्बींनी कौन्सिल भरवून यादी बंद केली" हे एकोणिसाव्या शतकातलं गृहीतक आहे, १९६४ पासून अभ्यासकांनी ते जवळपास सोडून दिलंय. रब्बींची चर्चा झाली होती, पण मतदान करून यादी बंद केल्याचा पुरावा नाही. दुसरं उत्तर याच्या उलट: "अलेक्झांड्रियाच्या ज्यूंची मोठी यादी होती आणि कॅथलिकांनी ती उचलली." अशी ठरलेली मोठी यादी कुठे सापडत नाही. जुन्या मोठ्या ग्रीक हस्तलिखितांतही पुस्तकं जुळत नाहीत, व्हॅटिकनस हस्तलिखितात मक्काबीचं एकही पुस्तक नाही, सायनाइटिकसमध्ये पहिलं आणि चौथं आहे, अलेक्झांड्रिनसमध्ये चारही आहेत.

चेक: हस्तलिखितात पुस्तक सापडलं म्हणून पहिल्या रकान्यात टिक करू नका. सायनाइटिकसमध्ये बर्नबाचं पत्र आणि हर्माचा मेंढपाळ ही पुस्तकंही बांधलेली आहेत आणि ती आज कुणाच्याच बायबलमध्ये नाहीत.

## टप्पा ३: जुन्या याद्या रकान्यांत लिहा

आता कागदावरचे रकाने भरायला घ्या. सगळ्या याद्या गोळा करायची गरज नाही, चार-पाच नीट वाचल्या तरी पुरे.

साधारण इ.स. १७० ला सार्दीसचा बिशप मेलितो पूर्वेकडे जाऊन चौकशी करून जुन्या कराराची यादी आणतो. त्यात तोबीत नाही, मक्काबी नाही. (एस्तेरसुद्धा नाही! हे लक्षात ठेवा.) तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विद्वान ओरिजेन एका पत्रात सांगतो की ज्यू तोबीत वापरत नाहीत पण चर्चेस वापरतात. ही ओळ पहिल्या रकान्यात टाकायची की दुसऱ्या? ओरिजेन वापराबद्दल बोलतोय, दर्जाबद्दल नाही, म्हणून समासात लिहा.

मग परत ३६७ चं अथनेशियसचं पत्र. लोक त्यातली २७ पुस्तकं वाचतात आणि पान उलटतात, पण खरी गोम पुढे आहे. जुन्या कराराची २२ पुस्तकं दिल्यावर आणि नव्याची २७ दिल्यावर तो म्हणतो की यापलीकडे आणखी काही पुस्तकं आहेत, ती यादीत नाहीत पण नव्याने विश्वासात आलेल्यांना वाचायला द्यावीत असं आधीच्या पिढीने ठरवलंय: ज्ञानग्रंथ, सिराख, एस्तेर, जुडिथ, तोबीत, प्रेषितांची शिकवण, हर्माचा मेंढपाळ. आणि हे सोडून बाकीची जी खोट्या नावांची पुस्तकं फिरतात ती पाखंड्यांची, ती नकोत. म्हणजे तुमचे तिन्ही रकाने एका पत्रात. तोबीत दुसऱ्यात.

इथेच थोडं थांबून बघा, अथनेशियसची यादी आजच्या प्रोटेस्टंट यादीशी जुळत नाही. एस्तेर त्याच्याकडे दुसऱ्या रकान्यात आहे, आणि बारूख यिर्मयाला जोडून पहिल्या रकान्यात. आणि ती कॅथलिक यादीशीही जुळत नाही. "सुरुवातीच्या चर्चची यादी आमचीच होती" असं म्हणणाऱ्या कुठल्याही बाजूला हे पत्र एवढ्यासाठी अडचणीचं आहे.

३९७ च्या कार्थेजच्या यादीत तोबीत पहिल्या रकान्यात, जुडिथ आणि दोन्ही मक्काबीही तिथेच. तिथल्या बिशपांनी मधला रकाना ठेवलाच नाही. नियम असा की यादीतल्या पुस्तकांखेरीज दुसरं काही चर्चमध्ये पवित्र शास्त्र म्हणून वाचायचं नाही, फक्त हुतात्म्यांच्या स्मरणदिनी त्यांच्या हौतात्म्याची हकिकत वाचायला हरकत नाही. आणि समुद्रापलीकडच्या चर्चला, म्हणजे रोमला, या यादीबद्दल विचारून घ्यावं अशीही नोंद आहे. यावरून हेही कळतं की बैठक प्रांतापुरती होती आणि तिला स्वतःला त्याची जाणीव होती.

## टप्पा ४: जेरोम आणि ऑगस्टीन, दोघांना एकत्र वाचा

पुढच्या हजार वर्षांचा वाद या दोघांत आहे. एकालाच वाचून लेख लिहिला तर तो एकतर्फी होणारच.

जेरोम बेथलेहेममध्ये राहून जुना करार थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणत होता, आणि हिब्रू मजकूर समोर असल्यावर त्याला सीमारेषा स्वच्छ दिसली. शमुवेल आणि राजे यांच्या प्रस्तावनेत तो हिब्रू पुस्तकं मोजतो आणि म्हणतो की यापलीकडचं जे आहे, ज्ञानग्रंथ, सिराख, जुडिथ, तोबीत, ते कॅननमध्ये, म्हणजे शास्त्राच्या अधिकृत यादीत, नाही. दुसऱ्या एका प्रस्तावनेत तो मधला रकाना अगदी नेमका सांगतो: चर्च जुडिथ, तोबीत, मक्काबी वाचतं पण कॅननमध्ये धरत नाही, तशीच ज्ञानग्रंथ आणि सिराख हीही लोकांच्या उन्नतीसाठी वाचावीत, चर्चचे सिद्धांत सिद्ध करायला नाही.

आणि हाच जेरोम बिशपांनी आग्रह केला म्हणून तोबीतचं भाषांतर करून देतो. कसं केलं तेही लिहून ठेवलंय: त्याला अरामी तितकीशी येत नव्हती, म्हणून अरामी आणि हिब्रू दोन्ही बोलणारा एक माणूस शोधला, तो अरामीचं हिब्रू करून सांगायचा आणि जेरोम ते लॅटिनमध्ये लेखनिकाला सांगायचा. एका दिवसाचं काम. यशयाचं भाषांतर असं कधीच केलं नसतं, तेव्हा या घाईतही रकाना दिसतो. पण नंतरच्या पिढ्यांना प्रस्तावना कमी आणि भाषांतर जास्त वाचायला मिळालं, लॅटिन बायबलच्या प्रतीत तोबीत आपला इतरांच्या रांगेत बसला.

ऑगस्टीन हिप्पोचा बिशप, आणि त्याचा निकष वेगळा. हिब्रूत आहे की नाही हे तो बघत नाही, जास्तीत जास्त आणि जास्त वजनदार चर्चेस काय स्वीकारतात हे बघतो. त्याची जुन्या कराराची यादी ४४ पुस्तकांची, तोबीत, जुडिथ, मक्काबी, सगळं आत.

चेक: तुमच्या कागदावर आता तोबीत असा दिसायला हवा:

- मेलितो, साधारण १७०: पहिल्या रकान्यात नाही
- अथनेशियस, ३६७: दुसरा रकाना
- कार्थेज, ३९७: पहिला रकाना
- जेरोम, चौथ्या शतकाचा शेवट: दुसरा रकाना
- ऑगस्टीन, त्याच सुमारास: पहिला रकाना

तिसऱ्या रकान्यात एकदाही नाही. दोन्ही बाजूंच्या पोस्टमध्ये हीच गोष्ट गायब असते.

## टप्पा ५: कुठल्या कौन्सिलचा निर्णय कुणाला लागू ते लिहा

कौन्सिल म्हटलं की लोक सगळ्यांना एका वजनात तोलतात. हिप्पो आणि कार्थेज प्रांताच्या बैठकी होत्या. पश्चिमेत त्यांची यादी चालली, ४०५ मध्ये रोमचा बिशप पहिला इनोसंट याने तुलूजच्या बिशपला उत्तर देताना तशीच यादी पाठवली. तरी मध्ययुगभर जेरोमचं मत मांडणारे विद्वान होतेच आणि त्यांना कुणी पाखंडी ठरवलं नाही.

मग १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या कौन्सिलने इजिप्तच्या कॉप्ट चर्चशी एकीचा करार करताना पुस्तकांची यादी दिली, त्यात ही सातही आहेत. म्हणजे "ट्रेंटमध्ये घुसवली" हे इथेच कोसळतं, ल्यूथरचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण फ्लॉरेन्सने ही यादी न मानणारा बाहेर असा वेगळा शिक्का या यादीवर मारला नाही, आणि त्यानंतरही मतभेद चालूच राहिले. सगळ्यात बोलका पुरावा कार्डिनल कायेतानचा आहे. हा तोच, ज्याने १५१८ मध्ये ऑग्सबुर्गला ल्यूथरची चौकशी केली, कट्टर विरोधक. त्याने १५३२ मध्ये बायबलवरच्या आपल्या भाष्यात लिहिलं की या पुस्तकांबाबत जेरोमचं म्हणणं धरावं, श्रद्धेचे मुद्दे पक्के करायला ती कॅननमधली नाहीत. पोपचा कार्डिनल असून.

सावध: म्हणून "ट्रेंटआधी सगळे कॅथलिक एकमताने ७३ मानत होते" असंही लिहू नका. वापर आणि अधिकृत याद्या बहुतेक मोठ्या यादीकडे, आणि विद्वानांत जेरोमची बाजू जिवंत, असं दोन ओळींत लिहिलं तर कुणी खोडू शकणार नाही.

## टप्पा ६: सोळाव्या शतकात मधल्या रकान्याचं काय झालं ते बघा

इथे तोबीत थोडा वेळ बाजूला ठेवा आणि दुसरं मक्काबी घ्या, भांडण पेटलं ते त्याच्यावर. बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबीच्या पडलेल्या सैनिकांच्या कपड्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात, म्हणून तो पैसे गोळा करून त्यांच्या पापाबद्दल अर्पण करायला यरुशलेमला पाठवतो. मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी आणि त्यावरून शुद्धिस्थान, म्हणजे मेल्यावर पापांची शुद्धी होते ती अवस्था, आहे, याला हा उतारा आधार म्हणून दिला जायचा.

१५१९ मध्ये लाइपझिगच्या जाहीर वादात योहान एक नावाच्या कॅथलिक धर्मपंडिताने नेमका हाच उतारा काढला. ल्यूथरचं उत्तर असं की हे पुस्तक कॅननमध्ये नाही, श्रद्धाळूंना ते पटेल पण न मानणाऱ्यासमोर ते आधार म्हणून टिकत नाही. बघितलंत ना, उत्तर जेरोमचंच आहे, वाचा पण सिद्ध करायला वापरू नका. आणि शुद्धिस्थान नको म्हणून पुस्तक नाकारलं असं जे म्हणतात त्यांनी तारीख बघावी, लाइपझिगमध्ये ल्यूथर अजून शुद्धिस्थान मानत होता, ते शास्त्रातून सिद्ध होत नाही एवढंच तो म्हणत होता. वादामुळे प्रश्नाला धार आली हे खरं, पण प्रश्न अकराशे वर्षांचा जुना.

१५३४ च्या ल्यूथरच्या पूर्ण जर्मन बायबलमध्ये ही पुस्तकं आहेत. काढली नाहीत, दोन करारांच्या मध्ये वेगळ्या विभागात ठेवली आणि वर लिहिलं की ही पवित्र शास्त्राच्या बरोबरीची धरली जात नाहीत पण वाचायला उपयोगी आणि चांगली आहेत. म्हणजे मधला रकाना छापील स्वरूपात. (त्याने नव्या करारातली इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरणही शेवटी नेऊन बिननंबरची ठेवली होती, पण ती आतच राहिली.)

८ एप्रिल १५४६ ला ट्रेंटने उत्तर दिलं. पुस्तकांची नावं एकेक करून लिहिली, ही सगळी, त्यांच्या सर्व भागांसह, लॅटिन बायबलमध्ये आहेत तशी, पवित्र आणि कॅननमधली, आणि न मानणारा चर्चबाहेर. "सर्व भागांसह" म्हणजेच तयारीत बघितलेलं दानीएल आणि एस्तेरमधलं जादा. ट्रेंटने नवं पुस्तक जोडलं नाही, मधला रकाना बंद केला आणि त्यातली ही सात पुस्तकं पहिल्यात घेतली. आता जेरोमचं मत कॅथलिक माणसाला मांडता येत नाही, फरक पडला तो इथे.

प्रोटेस्टंट बाजूचं मात्र एकसारखं नाही. अँग्लिकनांच्या सहाव्या कलमात जेरोमचं नाव घेऊन सांगितलंय की चर्च ही पुस्तकं चांगल्या वागणुकीच्या धड्यांसाठी वाचतं, सिद्धांतासाठी नाही. वेस्टमिन्स्टरचं श्रद्धेचं निवेदन, प्रेस्बिटेरियन चर्चेसचं, सतराव्या शतकातलं, पुढे जातं, ही माणसांनी लिहिलेल्या इतर लिखाणासारखीच, त्यापेक्षा जास्त वापर नाही. म्हणजे इकडेही मधला रकाना हळूहळू रिकामा होत गेला, फक्त उलट्या दिशेने.

सावध: "प्रोटेस्टंट मानतात" असं सरसकट लिहू नका. ल्यूथरन, अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन यांचं उत्तर वेगवेगळं आहे.

## टप्पा ७: प्रतीतून पुस्तकं गेली कधी ते शेवटी तपासा

दर्जा कमी होणं आणि पानं गायब होणं या दोन वेगळ्या घटना आहेत, इथे सगळ्यात जास्त लेख घसरतात. १६११ चं इंग्रजी किंग जेम्स बायबल प्रोटेस्टंटच, पण त्यात तोबीत होता, मधल्या विभागात. पुढे त्या विभागाशिवायच्या प्रतीही निघायला लागल्या, पण निर्णायक ठरली ती ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी. खास करून स्कॉटलंडच्या सभासदांनी धरून लावलं की वर्गणीच्या पैशातून ही पुस्तकं छापायची नाहीत, काही वर्षं जोरदार भांडण झालं आणि १८२६ मध्ये सोसायटीने तसा ठराव केला. जगभर, भारतातही, स्वस्त बायबलं याच यंत्रणेतून गेली, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक प्रोटेस्टंट घरांत मधला विभाग कधी दिसलाच नाही आणि "आमच्या बायबलमध्ये ती कधीच नव्हती" हे घट्ट बसलं.

चेक: तोबीतच्या ओळीत आता पुढची भर पडली पाहिजे: १४४२ फ्लॉरेन्स, पहिला रकाना. १५३४ ल्यूथर, दुसरा. १५४६ ट्रेंट, पहिला. १६११ किंग जेम्स, दुसरा. १८२६, प्रतीतून बाहेर.

## स्वतः करून बघायला दोन पुस्तकं

एस्तेर घ्या. मेलितोच्या यादीत नाही, अथनेशियसकडे दुसऱ्या रकान्यात, कुमरानमध्ये एकही तुकडा नाही, तरी आज दोन्ही बायबलमध्ये आहे, कारण हिब्रू यादीत आहे आणि चर्चेसही वाचत होती, दोन्ही निकषांवर पास. मग बारूख घ्या. अथनेशियसने कॅननमध्ये धरलेलं, पण हिब्रू यादीत नाही, म्हणून जेरोमच्या निकषावर पडलं आणि प्रोटेस्टंट प्रतीत नाही. कार्थेजच्या यादीत बारूखचं नाव शोधाल तर सापडणार नाही, तिथे गडबडून "नाकारलं" असं लिहू नका, त्या काळी बारूख बहुतेकदा यिर्मयाच्या पोटात धरला जायचा, ट्रेंटच्या यादीत तो "यिर्मया, बारूखसह" असा नाव घेऊन येतो.